समुपदेशकाकडे जायला उशीर नेमका कुठे होतो?

पारिजात

नमस्कार मंडळी. झोप उडालेली असते, घरात रोज खटके उडत असतात, कामात लक्ष नसतं, तरी माणसं समुपदेशकाकडे जायला महिनोन्महिने लावतात, काही जण तर वर्षानुवर्षं. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: लाज वाटते, लोक काय म्हणतील. मला हे उत्तर अपुरं वाटतं. ज्यांना लोकांची फारशी पर्वा नाही, ज्यांना पैशाची अडचण नाही, तेही उशीर करतातच की. मग हा वेळ जातो कुठे? आणि घरच्यांच्या समजुतींचा त्यात वाटा किती? जाणकारांनी सविस्तर लिहावं. "लाजू नका, बोलते व्हा" हे सल्ले कृपया नकोत, ते सगळीकडे मिळतात.

वाटसरू

मला तरी लाजच वाटते मुळाशी. दात दुखला तर माणूस सगळ्यांना सांगून दवाखान्यात जातो, मन दुखलं तर लपवतो. हा फरक लोकांच्या नजरेमुळेच पडतो ना? कलंक गेला की उशीर आपोआप जाईल.

हेमंत_

माझा अनुभव सांगतो, रोज पहाटे भरभर चालायला लागल्यापासून मन एकदम ताळ्यावर आहे. समुपदेशन म्हणजे शेवटी बोलणंच. ते चांगल्या मित्राशीही होतं. त्यासाठी परक्याकडे जायचं कशाला?

पारिजात

हेमंत, चालण्याचा फायदा मान्य. पण समुपदेशन घ्यावं की नाही हा प्रश्न नाहीये. ज्यांना शेवटी जावंच लागतं, ते इतक्या उशिरा का जातात, हे विचारतेय.

आकडेमोड

वाटसरू, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कलंकाचा परिणाम होतो, पण वाटतो तेवढा मोठा नाही. २०१५ मध्ये १४४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात नव्वद हजारांवर माणसांची माहिती होती. कलंकामुळे मदत घेण्याचं प्रमाण कमी होतं, पण परिणाम लहान ते मध्यम निघाला आणि अडथळ्यांच्या क्रमवारीत कलंक चौथा आला. कलंकातलाही सर्वांत जास्त सांगितला गेलेला भाग होता "कुणाला कळेल" याची धास्ती.

दुसरं, जागतिक आरोग्य संघटनेच्या २४ देशांतल्या पाहण्यांवरून २०१४ मध्ये अडथळ्यांचा अभ्यास झाला. त्रास असूनही उपचार न घेणाऱ्यांचं सर्वांत मोठं कारण साधं होतं: गरजच वाटली नाही. ज्यांना गरज वाटली होती पण तरी गेले नाहीत, त्यांतल्या ६४ टक्क्यांच्या आसपास लोकांनी सांगितलं की माझं मी बघून घेईन असं वाटलं.

उशिराची लांबी बघायची तर २००५ चा अमेरिकेतला अभ्यास आहे. नैराश्यासारख्या विकारांत त्रास सुरू झाल्यापासून पहिल्या उपचारापर्यंत साधारण ६ ते ८ वर्षं, चिंतेच्या विकारांत प्रकारानुसार ९ ते २३ वर्षं. अर्थात "त्रास कधी सुरू झाला" हे लोकांनी आठवून सांगितलेलं असतं, त्यामुळे आकडे ढोबळच धरायचे.

उमा_समुपदेशक

मी हे काम बरीच वर्षं करते. आकडेमोड यांनी जे मांडलं तेच समोरच्या खुर्चीत दिसतं. पारिजात, तुमच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं की सगळ्यात जास्त वेळ "जावं की नाही" यात जात नाही, त्याच्या कितीतरी आधी, "हे कशामुळे होतंय" हे ठरवण्यात जातो. आणि ते कारण बहुतेक वेळा एकटा माणूस ठरवत नाही, घर ठरवतं.

एक उदाहरण घेते. हे कुणा एकाचं नाही, अनेकांचे तपशील मिसळून केलंय, पण क्रम अगदी नेहमीचा आहे. ३४ वर्षांचा माणूस, हिशेबाचं काम करणारा. घरात बायको, आई, मोठा भाऊ. पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं, परत झोप लागत नाही.

पहिलं कारण घरात ठरतं: पित्त. जेवणाच्या वेळा बदलतात, औषध सुरू होतं. महिना-दीड महिना जातो. मग छातीत धडधड म्हणजे हृदय असेल, म्हणून तपासण्या. त्या चांगल्या येतात. इथे घरातले सुटकेचा श्वास टाकतात आणि "काही नाहीये" असा निकाल लागतो. तपासणीत काही न सापडणं म्हणजे त्रासच नाही, असा अर्थ घेतला जातो. तीन महिने गेलेले असतात.

नंतरचं कारण: कामाचा ताण. दहा दिवसांची रजा घेतो, खरंच बरं वाटतं. त्यामुळे कारण बरोबर होतं अशी सगळ्यांची खात्री पटते. रजा संपून तीन आठवड्यांत त्रास परत येतो, तर पुढच्या रजेची वाट बघणं सुरू होतं. असं वर्ष निघून जातं. मग आई म्हणते, "अगं, त्याचा स्वभावच तसा. याचे आजोबाही असेच काळजीखोर होते." हे कारण सर्वांत घातक, कारण स्वभावावर उपायच नसतो, त्यामुळे काही करायचंही राहत नाही. दरम्यान तो लोकांत जायचं टाळू लागतो, चिडतो, आणि भाऊ म्हणतो मन खंबीर कर. म्हणजे आता तो त्रासही सोसतोय आणि त्रास होतो म्हणून दोषीही ठरलाय.

प्रत्येक कारणाला स्वतःचा उपाय आहे, आणि प्रत्येक उपाय करून बघून फसला असं मान्य करायला काही महिने लागतात. उशीर म्हणजे या सगळ्या महिन्यांची बेरीज. यात लाज कुठे आली? शेवटच्या टप्प्यावर. तोवर दोन वर्षं होऊन गेलेली असतात.

खटपट्या

घरात माणसं चार, कारणं पाच. आणि प्रत्येकाकडे आपल्या कारणाचा पुरावा म्हणून एक नातेवाईक हमखास असतो!

उमा_समुपदेशक

खटपट्या, नातेवाइकाचा मुद्दा खराच आहे. "अमक्याचं असंच होतं, आपोआप गेलं" हे वाक्य निर्णय किमान सहा महिने पुढे ढकलतं.

आणखी एक गोष्ट राहिली. चिंता आणि नैराश्य दोन्ही चढउताराने चालतात. वाईट आठवड्यात फोन उचलायची ताकद नसते आणि चांगल्या आठवड्यात फोन करायचं कारण उरत नाही. शिवाय लक्षणंच आड येतात. नैराश्यात "कशाचा काही उपयोग नाही" हा विचार आजाराचा भाग असतो, तो समुपदेशनालाही लागू होतो. ज्याला अनोळखी माणसांची भीती वाटते, त्याला अनोळखी माणसाला फोन करायला सांगणं म्हणजे ज्याची भीती तेच आधी करायला सांगणं.

वाटसरू

पटलं बरंचसं. पण उमाताई, "स्वभाव आहे" किंवा "पित्त आहे" असं म्हणणं हीसुद्धा लाजच असू शकते ना? मनाचा आजार म्हणायचं नाही म्हणून शरीराचं काहीतरी शोधायचं.

उमा_समुपदेशक

काही घरांत तसं असतं, हो. पण सरसकट नाही. मनाचा ताण खरोखरच शरीरातून बोलतो. पोट बिघडतं, डोकं दुखतं, छाती भरून येते. माणसाला जे जाणवतं तेच तो सांगतो, त्यात लपवाछपवी असतेच असं नाही. म्हणून शरीराचं बोलणाऱ्याला "हे मनाचं आहे" असं ठणकावलं की त्याला वाटतं, माझ्या दुखण्यावर यांचा विश्वासच नाही.

निरंजन

मी थोडा विरोधात लिहितो. वर घर म्हणजे अडथळा असं चित्र तयार होतंय. प्रत्यक्षात पुष्कळ माणसं समुपदेशकापर्यंत पोचतात ती कुणीतरी घरचं हाताला धरून नेतं म्हणूनच. त्रास गंभीर असेल तर बदल आधी घरच्यांनाच दिसतो, स्वतःला दिसत नाही.

आणि शरीराचं कारण शोधणं अगदी चूक नाही. थायरॉइड कमीजास्त असणं, रक्त कमी असणं, काही औषधं, दारू, यांनी अशीच लक्षणं येतात. तपासणी एकदा नीट करून घ्यावी. चूक होते ती तपासणी चांगली आल्यावर थांबण्यात, किंवा तीच तपासणी चार ठिकाणी करत बसण्यात. तपासायला जातानाच डॉक्टरांना सांगावं की झोप आणि मन दोन्ही बिघडलंय, म्हणजे निकाल चांगले आले तर पुढचं पाऊल त्याच भेटीत ठरतं.

समीप

निरंजनशी सहमत, पण घरच्यांच्या भीतीलाही कारण असतं हे लक्षात घ्या. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की डाग फक्त त्या माणसाला लागत नाही, त्याच्या जवळच्यांनाही लागतो. आईवडील लपवतात तेव्हा बहुतेकदा ते धाकट्या बहिणीचं लग्न, मोठ्याची नोकरी, घराचं नाव यांचा हिशेब करत असतात. हिशेब चुकीचा असेल, पण तो अडाणीपणा नव्हे. त्या भीतीला नाव न देता नुसतं "तुम्ही जुनाट विचारांचे" म्हटलं की दार बंद.

आणि दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. एक, लोक काय म्हणतील. दुसरी, मी स्वतःला काय म्हणेन. दुसरी जास्त चिवट असते. कुणालाही कळणार नाही अशी हमी दिली तरी "मला मदत लागली म्हणजे मी कमकुवत" हे आतलं वाक्य राहतंच. वाटसरू म्हणतात तसा बाहेरचा कलंक उद्या गेला तरी ते वाक्य एका दिवसात जाणार नाही.

कस्तुरी

मला इथे माझ्या घरचंच विचारायचंय, चालेल ना? भाऊ २२ वर्षांचा आहे. चार महिने झाले, रात्रभर जागा, दुपारपर्यंत झोपलेला, अभ्यास सुटलाय, मित्रांचे फोन घेत नाही. मी हळूच विचारलं तर "जायला हरकत नाही" म्हणाला. पण बाबा म्हणतात घरातलं बाहेर सांगायचं नाही, आळस आहे, मोबाइल काढून घेतला की ठीक होईल. आई मधे. बाबांना कसं सांगू?

आकडेमोड

कस्तुरी, भाऊ २२ चा आहे, तोही तयार आहे. वडिलांची परवानगी कशाला? त्याला घेऊन जा.

कस्तुरी

पैसे बाबांचे आणि घरही बाबांचं. नंतर कळलं तर त्याचाच खर्च थांबेल, मग तो पुढे जाणारच नाही.

उमा_समुपदेशक

कस्तुरी, आधी एक प्रश्न त्याला सरळ विचारून घ्या: "जगून काय उपयोग, मरावं, असे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात घुसतो ही भीती निराधार आहे. आधीपासून येत असतील तर तो बहुतेक सांगेल, आणि विचारलं याचं त्याला हायसं वाटेल. उत्तर हो आलं तर पुढचं विचारा: कसं करायचं हे ठरवलंय का, साधन जवळ आहे का. तसं असेल तर बाबांना पटवत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, साधन दूर करा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ किंवा तातडीचा विभाग गाठा.

तसं नसेल तर आता बाबांकडे. कारणावरून वाद घालू नका. आळस की आजार या भांडणात तुम्ही जिंकलात तरी ते हरलेले असतात, आणि हरलेला माणूस पैसे देत नाही. त्याऐवजी त्यांचं म्हणणं नीट विचारा. आर्थर क्लाइनमन या मनोविकारतज्ज्ञाने १९७० च्या दशकात रुग्ण आणि नातेवाइकांना विचारायचे काही प्रश्न मांडले, मी ते घरगुती भाषेत वापरते. बाबा, तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे झालं असेल? नेमकं त्याच वेळी का सुरू झालं? यात तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? काय झालं म्हणजे तुम्ही म्हणाल की आता बरं आहे?

तिसऱ्या प्रश्नावर थांबा आणि गप्प बसा. बहुतेक वडील तिथे खरं बोलतात. "हा शिकला नाही तर माझ्यामागे याचं काय?" किंवा "एकदा गोळ्या लागल्या की जन्मभर." आता तुम्हाला कळतं की बोलायचं कशावर. पहिली भीती असेल तर समुपदेशनाचा विषय आजार म्हणून काढायचाच नाही. झोपेचं घड्याळ आणि अभ्यासाची घडी बसवायला एक माणूस हवा, एवढंच. त्यात खोटंही काही नाही, कामाची सुरुवात तिथूनच होते. दुसरी भीती असेल तर सांगायचं की समुपदेशक गोळ्या लिहून देत नाही. पुढे गोळ्यांची गरज वाटलीच तर ते वेगळ्या डॉक्टरांशी बोलून ठरतं, आणि नैराश्याच्या गोळ्या बहुतेकांना ठरावीक काळच घ्याव्या लागतात.

आणि मागणी छोटी ठेवा. "ट्रीटमेंट सुरू करू" म्हणू नका, "तीन भेटी करून बघू, मग तुम्हीच सांगा फरक दिसतो का" म्हणा. बाबांचा उपायही फेटाळू नका. मोबाइल रात्री अकराला बाहेर ठेवायचा हे दोन आठवडे भावाच्या संमतीने खरंच करून बघा, पण तारीख ठरवून. दोन आठवड्यांनी दुपारची झोप आणि अभ्यास तसेच असतील तर पुढचा उपाय, असं आधीच बोलून ठेवा. मघाशी म्हटलं ना, एक उपाय फसल्याचं मान्य करायला महिने लागतात. तारीख ठरली की ते दोन आठवड्यांत होतं.

निरंजन

दोन गोष्टी चुकूनही करू नका. भांडणाच्या भरात "तुला समुपदेशकाची गरज आहे" असं भावाला म्हणू नका, ते शिव्यांच्या यादीत जमा होतं आणि पुढे कधीच मदत वाटत नाही. आणि "जरा बाहेर जाऊन येऊ" म्हणून फसवून नेऊ नका. असा आणलेला माणूस तासभर तोंड उघडत नाही आणि परत येत नाही.

आणखी एक. आवाज ऐकू येणं, कुणी पाठलाग करतंय अशी खात्री, किंवा दिवसेंदिवस झोप नाही तरी प्रचंड उत्साह आणि पैसे उधळणं, यातलं काही दिसलं तर समुपदेशन हा पहिला थांबा नव्हे, थेट मनोविकारतज्ज्ञ.

हेमंत_

उमाताई, मी मित्राशी बोलण्याचं म्हटलं होतं त्यावर कुणी बोललंच नाही.

समीप

हेमंत, मित्राशी बोलणं मोलाचंच. पण मित्र तुमच्या आयुष्यात असतो. तो सल्ला देतो, बाजू घेतो, वाईट वाटू नये म्हणून काही गोष्टी बोलत नाही. तुम्हीही त्याला दुसऱ्यांदा तेच सांगताना संकोचता. आणि झोपेच्या किंवा भीतीच्या चक्राचं काय करायचं याचं तंत्र त्याला माहीत नसतं. उलट, मदत घेतलेला एखादा मित्र "मी गेलो होतो, असं असं झालं" म्हणतो तेव्हा ते पोस्टरपेक्षा जास्त काम करतं.

आकडेमोड

याला पुरावाही आहे. कलंक कमी करण्याच्या प्रयत्नांचा २०१२ मध्ये आढावा घेतला गेला, त्यात प्रौढांमध्ये नुसत्या माहितीपेक्षा अनुभव घेतलेल्या माणसाशी प्रत्यक्ष भेट जास्त परिणामकारक ठरली. किशोरवयीन मुलांमध्ये मात्र माहितीचा परिणाम जास्त दिसला. आणि "हा मेंदूतल्या रसायनांचा आजार आहे" या प्रचाराने माणसाला दोष देणं कमी होतं, पण "मग हा बरा होणारच नाही" ही समजूत वाढते.

वाटसरू

हे मला नवीन आहे. मला वाटायचं की शरीराचा आजार म्हटलं की लाज संपेल. तरी अजून मला वाटतं की मोहिमा बंद करू नयेत. काहीतरी बदल झालाच आहे, वीस वर्षांपूर्वी असा धागा कुणी काढला नसता.

समीप

मोहिमा बंद करा असं नाही, पण दोष कमी आणि आशा जास्त असं एकत्र कसं सांगायचं याचं ठाम उत्तर माझ्याकडे नाही. समुपदेशकांमध्येही यावर एकमत नाही.

मितभाषी

मला फक्त एक विचारायचंय. फोन करून बोलायचं काय? तिथेच अडकतात लोक.

उमा_समुपदेशक

तीन वाक्यं पुरतात, कागदावर लिहून वाचली तरी चालतात. "मला पहिली भेट हवी आहे. चार महिन्यांपासून झोपेचा त्रास आहे आणि अभ्यास बंद पडलाय. सगळ्यात लवकरची वेळ कोणती?" सगळी कहाणी फोनवर सांगायची नाही. पुढे चार गोष्टी विचारायच्या: तुमचं शिक्षण कशात झालंय, अशा त्रासावर काम केलंय का, भेट किती मिनिटांची आणि शुल्क किती, आणि बोललेलं कोणाकोणाला कळू शकतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळणाऱ्याकडे जाऊ नका.

फोन करवत नसेल तर संदेश पाठवा, किंवा बहिणीने लावून फोन त्याच्या हातात द्यावा. वेळ दोन-तीन आठवड्यांनंतरची मिळाली तर "आधी कुणाची वेळ रद्द झाली तर कळवा" असं नाव नोंदवून ठेवा. मधला काळ जितका लांब, तितकं न जाण्याचं प्रमाण वाढतं, कारण मधे एक चांगला आठवडा येतोच.

मितभाषी

आणि आत गेल्यावर?

उमा_समुपदेशक

भेट साधारण ४५ ते ६० मिनिटांची. सुरुवातीला गुप्ततेबद्दल सांगितलं जातं, मग त्रास काय, कधीपासून, झोप, भूक, काम, आधीचे आजार, व्यसन, घरात कोण कोण. जिवाचे विचार येतात का हेही विचारतात, ते प्रत्येकालाच विचारतात, त्यात दचकायचं कारण नाही. कधी कधी नऊ प्रश्नांचा छोटा तक्ता देतात, त्यात गेल्या दोन आठवड्यांत काय किती वेळा जाणवलं याच्या खुणा करायच्या. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर नीट तपासायला हवं असा त्याचा अर्थ, निदान नव्हे. शेवटची पाच-दहा मिनिटं पुढे काय करायचं यावर. पहिल्या भेटीत उत्तर मिळत नाही. बहुतेकांची निराशा इथेच होते, कारण घरून "विचारून ये काय करायचं ते" असं सांगून पाठवलेलं असतं.

जाण्याआधी आठवडाभर एका कागदावर झोपायची वेळ, उठायची वेळ आणि दिवसातला सगळ्यात वाईट तास लिहून न्या. बोलायला सुचलं नाही तर कागद पुढे करायचा.

वाटसरू

आणि समुपदेशकच चांगला नसला तर? एका भेटीत हिरमोड होऊन सोडणारे कमी नाहीत.

उमा_समुपदेशक

बरोबर, पुष्कळ जण एका भेटीनंतर येतच नाहीत. तीन-चार भेटींनी अंदाज घ्यावा. आपण ठरवलंय काय आणि कशासाठी काम चाललंय हे माहीत असलं पाहिजे, आणि आपण बोललेलं त्याला आठवत असलं पाहिजे. जमत नसेल तर तसं तोंडावर सांगा, चांगला समुपदेशक पद्धत बदलतो किंवा दुसऱ्याचं नाव देतो. पण काही गोष्टींना चार भेटी थांबायचं नाही. स्वतःचंच आयुष्य सांगत बसणं, धर्मावरून किंवा वागण्यावरून उपदेश करणं, घरच्यांना मागच्या दाराने माहिती देणं, अमुक भेटींत बरं करतो अशी हमी देणं. पहिल्यांदाच दिसलं तरी उठावं.

पारिजात

म्हणजे माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं दिसतंय की उशीर तीन ठिकाणी होतो: कारण ठरवताना, घराची संमती मिळवताना, आणि फोन ते पहिली भेट या मधल्या काळात. लाज तिन्हींत थोडी थोडी मिसळलेली आहे.

समीप

चौथं ठिकाण वाटसरूंनी आत्ताच दाखवलं. पहिली भेट फसली तर दुसऱ्याकडे जायला लागणारा वेळ. तो बहुधा सर्वांत लांब असतो, कारण आता घराकडे "बघ, सांगितलं होतं" हे वाक्य तयार असतं.

कस्तुरी

मी बाबांना ते चार प्रश्न विचारले. तिसऱ्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, त्यांचा एक चुलतभाऊ असाच खोलीत बसून राहायचा आणि पुढे त्याचं काहीच झालं नाही. मला हे माहीतच नव्हतं. तीन भेटींना हो म्हणालेत, पण अट घातली आहे की प्रत्येक भेटीनंतर काय बोलणं झालं ते त्यांना सांगायचं. भाऊ म्हणतो, मग मी जाणार नाही. आता काय करू?

उमा_समुपदेशक

अट जशीच्या तशी मान्य करू नका आणि धुडकावूही नका. तो सज्ञान आहे, त्यामुळे त्याच्या संमतीशिवाय समुपदेशक बाबांना काही सांगणार नाही. अपवाद मोजके असतात: त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलाचा छळ, न्यायालयाचा आदेश. नेमके अपवाद तुमच्या समुपदेशकाकडून पहिल्याच भेटीत ऐकून घ्या.

बाबांना हवी आहे ती माहिती नव्हे, चुलतभावासारखं होत नाहीये याची खात्री. ती वेगळ्या वाटेने देता येते. पहिल्या भेटीची पहिली दहा-पंधरा मिनिटं बाबांनाही आत बसू द्या, त्यांना दिसणारं त्यांनी सांगावं, मग बाहेर जावं. त्यानंतर भेट संपल्यावर भावाने स्वतः ठरवलेली दोनच वाक्यं बाबांना सांगायची, एक काय करायचं ठरलं आणि दुसरं घराकडून काय हवंय. उदाहरणार्थ, "रोज सकाळी साडेआठला उठायचं ठरलंय. तेव्हा मला उठवा, पण उठवताना अभ्यासाचं काढू नका." ही वाक्यं कोणती, हे समुपदेशकाबरोबर भेटीच्या शेवटच्या पाच मिनिटांत ठरवता येतं. तसं फोन करतानाच सांगून ठेवा, म्हणजे ती पाच मिनिटं राखून ठेवतील.